‘माल ऐंशी टक्के तयार आहे’ म्हणजे नेमकं काय तयार आहे?

प्रश्न: मॅडम, मी सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत एका पीईबी शेडच्या साइटवर प्लॅनिंग बघतो. १४० च्या वर पीओ आहेत, सगळे एक्सेलमध्ये टाकलेत. रोज फोन करतो, व्हेंडर म्हणतात ‘दोन दिवसांत निघतो’. शेड्यूलमध्ये स्ट्रक्चरच्या मालाची एकच ओळ आहे, ‘प्रोक्युअरमेंट, ९० दिवस’. माल उशिरा येणार हे मला शेवटच्या आठवड्यात कळतं. आधी कसं कळेल? आणि उशीर दिसला की करायचं काय?

उत्तर:

तुमची अडचण त्या ९० दिवसांच्या ओळीत आहे. तिला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि मधे काहीच नाही. उशीर बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच झालेला असतो. ड्रॉइंग कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतं, ॲडव्हान्स अकाउंट्समध्ये अडकतो, प्लेट बुक झालेली नसते. पण तुमच्याकडे तपासायला तारीख एकच आहे, शेवटची, म्हणून तो उशीर तेराव्या आठवड्यात तुमच्यासमोर येतो. तोवर हातात फोन करण्यापलीकडे काही उरत नाही.

पुढचं सगळं काही गोष्टी गृहीत धरून सांगते. फॅब्रिकेटर पुण्याकडचा आहे, त्याच्याकडे फक्त सप्लाय आहे आणि इरेक्शनची गँग तुम्ही वेगळी लावली आहे. इरेक्शनही त्याच्याचकडे असेल तर कोणता माल आधी पाठवायचा याची काळजी तो थोडी जास्त घेतो, कारण रिकाम्या बसलेल्या क्रेनचं भाडं त्याच्या खिशातून जातं. ड्रॉइंग मंजूर करणारा कन्सल्टंट तुमचा आहे की क्लायंटचा, यावरही बरंच अवलंबून आहे. तुमच्या करारात जे असेल त्याप्रमाणे खालच्या तारखा पुढे-मागे करून घ्या.

आधी ते १४० पीओ वेगळे करा. सगळ्यांचा सारखा पाठपुरावा करत बसलात तर ज्यांना खरंच गरज आहे त्यांना वेळ मिळत नाही. सिमेंट होटगीजवळच बनतं, सकाळी ऑर्डर दिली तर बहुधा दुसऱ्या दिवशी साइटवर येतं. सळई जालन्याहून येते, तिला दोन-तीन दिवस धरा. खडी आणि क्रश सँड तर इथलीच. अशा मालाच्या पीओची तारीख बघण्यात अर्थ नाही. त्यांचा साइटवरचा साठा बघा आणि किती दिवसांचा शिल्लक राहिला की मागवायचं ते ठरवून स्टोअरकीपरच्या हातात द्या. उसाच्या हंगामात इथले ट्रक-ट्रॅक्टर कारखान्यांकडे वळतात, तेव्हा हा आकडा दोन दिवसांनी वाढवा, बस. दुसरा ढीग प्लंबिंगचे फिटिंग, वायर, टाइल्स यांचा. हे दुकानातून मिळतं, एका डीलरकडे नसलं तर दुसऱ्याकडे असतं. त्यांच्याकडे पंधरा दिवसांतून एकदा नजर टाकली तरी पुरते.

तिसरा ढीग म्हणजे फक्त तुमच्या कामासाठी बनणारा माल. स्ट्रक्चर, रूफ शीट, ट्रान्सफॉर्मर, एचटी पॅनल, मोठी रोलिंग शटर्स. हे कुठल्याही गोदामात तयार नसतं आणि ऐनवेळी दुसऱ्याकडून घेता येत नाही. असे पीओ १४० पैकी दहा-बारा निघतील. पुढचं सगळं या दहा-बारांसाठी आहे, आणि तुम्ही स्ट्रक्चरबद्दल विचारलंय म्हणून तेच उदाहरण घेते.

मी बघितलेल्या एका शेडचे आकडे थोडे गोल करून देते. ३६ मीटर रुंद, ७५ मीटर लांब, साडेसात मीटरचे दहा बे, म्हणजे ग्रिड १ ते ११ अशा अकरा फ्रेम्स. वजन सुमारे ९५ टन. टॉवेलच्या मागांसाठीची शेड, त्यामुळे माग यायच्या आत फ्लोअर तयार हवा, फ्लोअरच्या आधी छप्पर हवं, आणि छपराच्या आधी इरेक्शन. इरेक्शन १ डिसेंबरला सुरू करायचं ठरलं होतं. माल उतरवणं, मार्कप्रमाणे लावणं, बोल्ट मोजणं यासाठी थोडे दिवस सोडले, म्हणून पहिला लॉट साइटवर हवा ती तारीख २२ नोव्हेंबर. तुमच्या एक्सेलमध्ये प्रत्येक पीओसमोर ही ‘साइटवर हवा’ तारीख आहे का ते बघा. बहुतेक शीटमध्ये व्हेंडरने दिलेली तारीख असते आणि ही नसते. मग माल व्हेंडरच्या हिशोबाने वेळेवर येतो आणि आपल्या हिशोबाने उशिरा.

आता २२ नोव्हेंबरपासून उलटं चालत या. प्रवास, उतरवायची वेळ वगैरे धरून ट्रेलर २० तारखेला भरायला हवा. त्याआधी ब्लास्टिंग, पेंट आणि आपली शेवटची तपासणी यांना दहा दिवस, म्हणजे वेल्डिंग १० नोव्हेंबरला संपायला हवं. पहिल्या लॉटचं कटिंग, फिटअप आणि वेल्डिंग यांना पाच आठवडे, म्हणजे ६ ऑक्टोबरला प्लेट त्याच्या शॉपमध्ये हवी. प्लेट मागवणं आणि शॉप ड्रॉइंग ही कामं बरोबरीने चालतात, त्यांना तीन आठवडे, म्हणून मंजूर जीए ड्रॉइंग त्याच्या हातात १५ सप्टेंबरला. तुमच्या कन्सल्टंटला तपासायला एक आठवडा, म्हणजे त्याने ते ८ सप्टेंबरला द्यायला हवं. ड्रॉइंग बनवायला दोन आठवडे, म्हणून पीओ आणि ॲडव्हान्स २५ ऑगस्टला. एका ९० दिवसांच्या ओळीच्या सात-आठ ओळी झाल्या. आता उशीर सप्टेंबरमध्येच दिसेल.

या ओळींकडे जरा नीट बघा. ॲडव्हान्स देणं आपल्याकडे, ड्रॉइंग मंजूर करणं आपल्याकडे, शेवटची तपासणी करून माल सोडणंही आपल्याकडे. व्हेंडर उशीर करतो अशी तक्रार जिथे ऐकू येते, तिथे मी आधी आपल्या बाजूच्या या तीन ओळी तपासते. त्यांपैकी एखादी सापडतेच, आणि तिच्यावर काम करायला कुणाच्या परवानगीची गरज नसते.

अँकर बोल्टची ओळ वेगळी ठेवा. त्याच पीओत असले तरी ते पेडेस्टलच्या काँक्रीटआधी, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच लागतात. स्ट्रक्चरच्या तारखेखाली ते झाकले गेले तर फाउंडेशनच थांबतं.

एमएस प्रोजेक्ट असो की प्रायमाव्हेरा, या ओळी शेड्यूलमध्ये टाकून शेवटची ओळ इरेक्शनच्या ॲक्टिव्हिटीला जोडा. जोडणी नसेल तर माल दहा दिवस सरकला तरी प्रोजेक्टची शेवटची तारीख हलत नाही आणि सगळ्यांना सगळं ठीक वाटतं. व्हेंडरच्या ओळींना कॅलेंडर व्हेंडरचं लावा, आपल्या साइटचं नको. पिंपरी-भोसरीकडच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आपण रविवार धरून बसतो. दिवाळी तर आहेच. त्यात शॉपमधले वेल्डर-फिटर उत्तर प्रदेश-बिहारकडचे असतील तर दिवाळीला गेलेला माणूस छठ करूनच परततो, आणि छठ दिवाळीनंतर सहा दिवसांनी येते. त्या शेडच्या वेळी दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. वरचं उलटं गणित दिवाळी न धरता केलंय. ती धरली की २२ नोव्हेंबरचा पहिला लॉट ३ डिसेंबरवर जातो. हे ऑगस्टमध्येच कागदावर दिसलं म्हणून व्हेंडरशी तेव्हाच बोलता आलं. पहिला लॉट लहान करायचा, अकराऐवजी पाचच फ्रेम्स, पण त्या पूर्ण, असं ठरलं. दिवाळीचे गेलेले दिवस कमी माल मागून भरून काढले.

एक्सेलमध्येच ठेवायचं असेल तर एवढं पुरेल. F मध्ये आधीचा टप्पा संपल्याची तारीख, E मध्ये या टप्प्याला लागणारे कामाचे दिवस, आणि सुट्ट्यांच्या यादीला Holidays हे नाव:

```
=WORKDAY.INTL(F2,E2,15,Holidays)
=G2-H2
```

पहिल्या सूत्रातला 15 म्हणजे फक्त गुरुवारची सुट्टी. रविवारची असेल तर 11 घाला. दुसऱ्यात G म्हणजे ‘साइटवर हवा’ तारीख आणि H म्हणजे आजच्या स्थितीवरून निघणारी तारीख. उत्तर उणे आलं की उशीर. H मध्ये व्हेंडरने फोनवर सांगितलेली तारीख कधीही टाकू नका. मागचा टप्पा खरंच कधी संपला त्यावरून ती सूत्रानेच यायला हवी. पीओतली मूळ तारीख वेगळ्या कॉलममध्ये तशीच राहू द्या. दर वेळी तिच्यावर नवी तारीख लिहिली की एकूण किती सरकलं ते पुढे कुणालाच सांगता येत नाही.

आता या शेडवर काय झालं ते सांगते, कारण उशीर झाल्यावर करायच्या गोष्टी त्यातून नीट कळतील.

पहिला अडथळा ड्रॉइंगमध्ये आला. कन्सल्टंटच्या तीन कमेंट्स होत्या, दोन दर्शनी कॅनोपीवर आणि एक बेस प्लेटवर. बेस प्लेटची लगेच मिटली, कॅनोपीचं क्लायंट ठरवेना. मधे दिवस जात होते आणि पूर्ण सेट अडकून होता. तेव्हा कन्सल्टंटकडून मुख्य फ्रेम्सचं ड्रॉइंग वेगळं मंजूर करून घेतलं आणि कॅनोपी ‘होल्ड’ वर ठेवली. मुख्य फ्रेम्स १८ सप्टेंबरला सुटल्या, म्हणजे फक्त तीन दिवस गेले. कॅनोपीचा निर्णय त्यानंतर बराच उशिरा आला, पण कॅनोपी जानेवारीत लागणार होती. ड्रॉइंग तुकड्यांनी सोडता येतं हे फॅब्रिकेटर स्वतःहून सुचवणार नाही. त्याला पूर्ण सेट आला तर बरंच वाटतं. हे आपण मागायचं असतं. फक्त सोडलेला भाग न सोडलेल्या भागावर अवलंबून नाही, हे डिझायनरकडून लेखी घ्या. कॅनोपीचा भार मुख्य कॉलमवर येत असेल तर हा मार्ग बंद.

दुसरा अडथळा ऑक्टोबरच्या शेवटी आला आणि तो जास्त शिकण्यासारखा आहे. फॅब्रिकेटरचा साप्ताहिक रिपोर्ट सांगत होता, ‘८० टक्के तयार’. तुमचे व्हेंडरही असेच आकडे देत असतील. हा आकडा खोटा नव्हता. तो वजनाचा होता. ९५ टनांपैकी बराच माल खरंच कापून, जोडून ठेवला होता. शॉपमध्ये जाऊन मार्कप्रमाणे यादी लावली तेव्हा दिसलं की अकराच्या अकरा फ्रेम्सचे राफ्टर फिटअप झालेत, कॉलम निम्मेच आहेत, ब्रेसिंग एकही नाही, पर्लिनची गॅल्व्हनाइज्ड कॉइल अजून आलेलीच नाही, आणि बोल्टची ऑर्डर गेलेली नाही.

असं का होतं ते समजून घ्या. फॅब्रिकेटरचं बिल टनावर निघतं. राफ्टर जड, एका जिगवर एकामागून एक निघतात, एकाच जाडीची प्लेट एका सेटिंगमध्ये कापली जाते. त्याच्या सोयीने बघितलं तर सगळे राफ्टर आधी करणंच बरोबर. ब्रेसिंगचे रॉड, सॅग रॉड, क्लिटा, बोल्ट यांचं वजन नगण्य, खटपट फार. म्हणून ते शेवटी. पण इरेक्शन नेमकं त्यांच्यावाचून थांबतं. ज्या बेमध्ये ब्रेसिंग आहे तो बे आधी उभा करून, ताणून, सरळ करून घेतात आणि बाकीच्या फ्रेम्स त्याला बांधत जातात. पर्लिन आणि फ्लँज ब्रेस नसतील तर राफ्टर आडवा मुरगळू शकतो, तो तसाच वर सोडून देणं धोक्याचं आहे. त्यामुळे साइटवर सत्तर टन माल पडलेला आणि क्रेन बसून, हे चित्र तुम्हाला कुठेही बघायला मिळेल.

म्हणून स्ट्रक्चरच्या मालाची प्रगती मी टनात मोजत नाही. किती बे पूर्ण उभे करता येतील एवढा माल तयार आहे, हे विचारते. त्या दिवशी वजनाने ८० टक्के असलेल्या मालातून एकही बे उभा राहणार नव्हता.

फोनवर विचारायचे प्रश्नही त्यामुळे बदलतात. ‘कधी पाठवता?’ या प्रश्नाला उत्तर ठरलेलं आहे, ते तुम्हाला पाठ झालंय. त्याऐवजी विचारा, ग्रिड ५ आणि ६ चे कॉलम कोणत्या टप्प्यावर आहेत, फिटअप, वेल्डिंग, ब्लास्टिंग की पेंट? पर्लिनच्या कॉइलचं मिल टेस्ट सर्टिफिकेट पाठवा. बोल्टच्या पीओची कॉपी पाठवा. पेंट झालेल्या पीसचा पार्ट मार्क दिसेल असा फोटो पाठवा. माल खरंच असेल तर हे कागद त्याच्या टेबलावरच असतात, तासाभरात येतात. ‘उद्या पाठवतो’ असं दोनदा झालं की समजा तो टप्पा झालेला नाही, आणि कुणाला तरी शॉपवर पाठवा. सोलापूरहून पुण्याला जाऊन त्याच दिवशी परत येता येतं. जाणाऱ्याच्या हातात शिपिंग लिस्ट आणि खडू द्या. तयार पीसवर खूण करत, यादीवर टिक मारत जायचं. चहा घेत मॅनेजरच्या केबिनमध्ये बसून आलेली माहिती फोनवरही मिळाली असती.

त्या भेटीनंतर खऱ्या टप्प्यांवरून गणित पुन्हा केलं, तेव्हा पहिला लॉट ५ डिसेंबरला येणार असं निघालं. २२ नोव्हेंबरपेक्षा तेरा दिवस उशीर. आता इथे घाबरून सगळीकडे फोन लावण्याआधी शेड्यूलला विचारायचं की या तेरा दिवसांतले किती खरंच टोचतात. माल लावून घेण्याची वेळ कमीत कमी तीन दिवसांवर आणली तर इरेक्शन ८ डिसेंबरला सुरू होतं, म्हणजे सात दिवस उशिरा. इरेक्शनला फ्लोट होता चार दिवसांचा. म्हणजे भरून काढायचे होते किमान तीन दिवस. तेरा दिवस परत मिळवायला जो खर्च येतो आणि तीन दिवस परत मिळवायला जो येतो, त्यांत फार फरक आहे. हा आकडा हातात नसताना व्हेंडरशी बोलायला बसू नका.

सगळ्यात आधी बिनपैशाचा उपाय. फॅब्रिकेटरला लेखी सांगितलं की पहिला लॉट म्हणजे ग्रिड ३ ते ७, त्यात ग्रिड ५-६ मधला ब्रेसिंगचा बे, आणि तो लॉट कॉलम, राफ्टर, ब्रेसिंग, पर्लिन, बोल्ट असा पूर्ण हवा. बाकीच्या ग्रिडचे राफ्टर तसेच बाजूला राहू द्या. त्याचे लोक, त्याची जागा, त्याच दिवसांत, फक्त क्रम बदलला. एवढ्यानेच सर्वात जास्त दिवस परत आले. त्याला यात तोटा एकच होता, त्या महिन्यात टन कमी निघणार म्हणजे बिल कमी होणार. त्यावर पहिला लॉट पूर्ण पोहोचला की बिल नेहमीपेक्षा लवकर काढायचं कबूल केलं. हा तोटा ओळखून त्याचं उत्तर आधीच दिलं नाही तर माणूस समोर ‘हो’ म्हणतो आणि शॉपमध्ये राफ्टरच करत राहतो.

मग ओव्हरटाइमचा विषय निघाला. फॅब्रिकेटर वेल्डिंगला दुसरी शिफ्ट लावतो म्हणाला, खर्च आपला. पण त्याच्या शॉपमध्ये वेल्डिंग झालेले पीस ब्लास्टिंगच्या बाहेर रांगेत पडलेले दिसत होते. ब्लास्टिंगची जागा एकच, आणि पेंटच्या एका कोटानंतर दुसऱ्या कोटाआधी सुकायला वेळ द्यावाच लागतो. वेल्डिंग वाढवलं असतं तर ती रांग लांबली असती, माल एक दिवसही लवकर निघाला नसता. म्हणून दुसरी शिफ्ट ब्लास्टिंगला लावायला सांगितली, वेल्डिंगला नको. कुणीही जादा पैसे मागितले की आधी हे बघा, माल कुठे साचलाय? पैसे तिथेच लावायचे.

शेवटचा कोट साइटवर मारू, असाही पर्याय आला होता. तो नको म्हटलं. उभ्या स्ट्रक्चरवर उंचीवर पेंट करणं महाग पडतं, इरेक्शनमध्ये अडथळा येतो आणि जोडाच्या आतल्या बाजू राहून जातात. साइटवर फक्त खरचटलेल्या जागांचा टचअप.

बोल्ट आणि सॅग रॉड आपण हातात घेतले. ८.८ ग्रेडचे बोल्ट सर्टिफिकेटसह डीलरकडे मिळत होते, ते घेऊन फॅब्रिकेटरच्या खात्यावर डेबिट टाकला. सॅग रॉड अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपने आटे पाडून दिले. हे दोन्ही डिझायनरला विचारून आणि फॅब्रिकेटरचं लेखी ‘चालेल’ घेऊन. नाहीतर पुढे छप्पर गळलं तरी तो या बोल्टकडे बोट दाखवेल. पर्लिनच्या बाबतीत मात्र असं केलं नाही. दुसऱ्या डीलरकडे कॉइल होती, पण जाडी वेगळी. जाडी बदलली की डिझाइन पुन्हा तपासावं लागतं, आणि त्यात जाणारे दिवस कॉइलची वाट बघण्याएवढेच होते.

पहिला लॉट २८ नोव्हेंबरला आला. एक ट्रेलर अर्धा रिकामा होता, त्याचं भाडं जास्तीचं पडलं. इरेक्शन २ डिसेंबरला सुरू झालं, ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा आणि फ्लोटच्या आत. अर्ध्या ट्रेलरचं भाडं आणि ब्लास्टिंगची शिफ्ट यांची बेरीज, क्रेन आणि गँग आठवडाभर बसली असती त्या खर्चापेक्षा बरीच कमी होती. तुमच्याकडे क्रेनचं रोजचं भाडं आणि गँगची रोजची मजुरी शीटच्या वरच्या ओळीत लिहून ठेवा. उशिराचा एक दिवस किती रुपयांचा, हे माहीत असलं की कोणता जादा खर्च करायचा याचा निर्णय पाच मिनिटांत होतो.

कराराच्या बाजूने थोडं. पीओत एलडी असते, बहुतेक वेळा आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त पाच टक्के अशी. ती असावी, पण तिच्या धाकाने माल लवकर येतो असा माझा अनुभव नाही. एक कोटीच्या पीओवर आठवड्याला पन्नास हजार. फॅब्रिकेटरला दुसऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाचं काम आधी काढण्यात यापेक्षा जास्त मिळत असेल तर तो एलडी भरायला तयार होतो. त्यापेक्षा पैसे टप्प्यांना बांधलेले बरे. प्लेट शॉपमध्ये आल्यावर काही, पहिला लॉट पूर्ण साइटवर आल्यावर काही, असे. तुमचा पीओ आधीच निघालाय, त्यामुळे हे पुढच्या पीओला. आणि आपल्याकडचं पेमेंट थकलेलं असेल तर आधी ते सोडा. थकलेल्या गिऱ्हाइकाचा माल रांगेत मागेच राहतो, आणि तो राग नसतो, त्यालाही प्लेटचे पैसे रोख मोजावे लागतात.

‘माल निघाला’ हे ऐकलं की ई-वे बिलाचा नंबर आणि एलआरची कॉपी मागा. ई-वे बिलात गाडीचा नंबर भरलेला असेल तरच गाडी लागली असं धरा. नुसतं बिल तयार करून ठेवलेलं असतं आणि माल शॉपमध्येच असतो, असंही होतं. त्याची मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, म्हणून पुणे-सोलापूरला दोन दिवस मिळतात. मुदत संपत आली आणि गाडी गेटवर नाही, तर ड्रायव्हरला फोन करा. चिंचोळी पुणे रस्त्यावरच असल्याने ट्रेलरला सोलापूर शहरात शिरावं लागत नाही, ही तुमची सोय आहे. मात्र जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत स्थानिक हेल्पर कमी येतात. तुमच्या रूफ शीट त्याच आठवड्यात उतरणार असतील तर उतरवणारी माणसं आधी ठरवून ठेवा.

आठवड्याचा क्रम सांगायचा तर, मी या दहा-बारा पीओंसाठी आठवड्यातून एक ठराविक दिवस ठेवते. त्या दिवशी प्रत्येक पीओचा मागचा टप्पा खरंच संपला का, याचा पुरावा घेते, तारीख भरते, शीट आपोआप पुढच्या तारखा काढते. ज्यांचं उत्तर शून्याच्या खाली किंवा पाच दिवसांच्या आत, त्यांच्यावरच बाकीचा आठवडा. उरलेल्यांना फोन नाही. रोज फोन येणाऱ्या गिऱ्हाइकाचा फोन व्हेंडर उचलत नाही. आठवड्यातून एकदा, पार्ट मार्कचा नंबर घेऊन बोलणाऱ्याचा उचलतो.

तुमचं स्ट्रक्चर आत्ता नेमकं कुठे आहे ते मला माहीत नाही, पण सुरुवात इथून करा. फॅब्रिकेटरकडून शिपिंग लिस्ट ग्रिडप्रमाणे मागवा. तो टनाप्रमाणे देईल, तुम्ही ग्रिडप्रमाणेच मागा. त्यावर ब्रेसिंगच्या बेला खूण करा आणि त्या बेचा एक-एक पीस कुठे आहे ते विचारा. आणि ट्रेलर आला की त्याच दिवशी, उतरवतानाच, पार्ट मार्क लिस्टशी जुळवून कमी निघालेल्या पीसची मेल संध्याकाळच्या आत पाठवा. चार दिवसांनी पाठवलेल्या मेलला ‘तुमच्याच साइटवर हरवलं असेल’ असं उत्तर येतं, आणि मग एका क्लिटासाठी राफ्टर खाली पडून राहतो.